निऑनचे दोन पट्टे: वेगनिवडकापासून मास स्पेक्ट्रोमीटरपर्यंत, आकड्यांसकट

बारावीच्या भौतिकशास्त्रात `v = E/B` आणि `r = mv/qB` ही दोन सूत्रे लागोपाठ येतात. गणिते सुटतात, पण उपकरण डोळ्यांसमोर उभे राहत नाही. मग कुठला B कुठे घालायचा, त्रिज्या घ्यायची की व्यास, असले घोळ परीक्षेतही होतात आणि पुढे प्रयोगशाळेतही. म्हणून इथे एकच उपकरण, आयन वस्तुमानाप्रमाणे वेगळे करणारा मास स्पेक्ट्रोमीटर, घेऊ, त्याला मापे देऊ आणि निऑन वायूचे आयन त्यातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेऊ. गोव्यात अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीतूनच शिकावे लागते, इथे मात्र शब्द शक्यतो मराठी वापरले आहेत: आयसोटोप म्हणजे समस्थानिक, चार्ज म्हणजे प्रभार, पोटेन्शियल डिफरन्स म्हणजे विभवांतर, कपॅसिटर म्हणजे संधारित्र, डिटेक्टर म्हणजे शोधक. व्हेलॉसिटी सिलेक्टरला, म्हणजे एकाच वेगाचे आयन सरळ जाऊ देणाऱ्या भागाला, वेगनिवडक म्हटले आहे.

निऑनच का? नैसर्गिक निऑनमध्ये २० वस्तुमानांकाचे अणू सुमारे ९०.५ टक्के आणि २२ चे सुमारे ९.२ टक्के असतात. २१ चे जेमतेम पाव टक्का. शोधकावर दोन ठळक पट्टे आणि मध्ये एक पुसट, असे उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे आपले उपकरण बरोबर चालले आहे की नाही हे लगेच कळते. जे. जे. थॉमसन यांना १९१२-१३ च्या सुमारास स्थिर मूलद्रव्याचे समस्थानिक पहिल्यांदा दिसले तेही निऑनमध्येच.

पहिली पायरी: दिशा कागदावर पक्क्या करा

आकडे घालण्याआधी चित्र काढा. आयन डावीकडून उजवीकडे जातो आहे. त्याच्या वर धातूची एक पट्टी, खाली एक पट्टी. वरची पट्टी धन आणि खालची ऋण ठेवली, की विद्युत क्षेत्र खाली तोंड करते आणि धन आयनाला खाली ढकलते. आयन सरळ जावा म्हणून याचा तोल साधणारे चुंबकीय बल वरच्या दिशेने हवे. फ्लेमिंगचा डावा हात धरा: मधले बोट प्रवाहाकडे म्हणजे उजवीकडे, अंगठा वर. तर्जनी आपोआप कागदाच्या आत जाते. म्हणजे चुंबकीय क्षेत्र कागदाच्या आत हवे.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. आयन ऋण असला तर दोन्ही बले एकदम उलटतात, म्हणून तोल तसाच राहतो. वेगनिवडकाला प्रभाराचे चिन्ह कळतच नाही. पण तोच धन आयन उजवीकडून डावीकडे सोडला तर चुंबकीय बल उलटते, विद्युत बल मात्र उलटत नाही. दोन्ही बले खालीच ढकलतात आणि आयन पट्टीवर आपटतो. वेगनिवडक ही एकेरी वाट आहे.

गुरुत्वाकर्षण सोडून द्या. खालच्या आकड्यांत विद्युत बल निऑनच्या वजनाच्या सुमारे १० अब्ज पट येते.

दुसरी पायरी: वेगनिवडकाला आकडे द्या

पट्ट्यांमधले अंतर ५ मिमी, त्यांच्यातला विभवांतर १०० व्होल्ट, चुंबकीय क्षेत्र ०.२० टेस्ला, पट्ट्यांची लांबी १० सेमी. शेवटी ०.२ मिमी रुंदीची फट.

```
E = V/d = 100 / 0.005 = 20000 V/m
v = E/B1 = 20000 / 0.20 = 1.0 × 10^5 m/s
```

सेकंदाला १०० किलोमीटर. या ओळींत ना वस्तुमान आहे, ना प्रभार, कारण तोल साधताना q दोन्ही बाजूंनी कटतो आणि m तर आलेलाच नसतो. चुका बहुधा इथल्या एककांत होतात. ५ मिमी ऐवजी ५ सेमी धरले की वेग दहापट कमी येतो. चुंबकाच्या गॉसमीटरवर २००० गॉस दिसले तर ते ०.२० टेस्ला, कारण १ टेस्ला म्हणजे १०,००० गॉस.

पट्ट्यांना व्होल्टेज कसे जोडता यालाही महत्त्व आहे आणि नवखा माणूस नेमका इथेच फसतो. वरच्या पट्टीला +१०० आणि खालचीला शून्य जोडले, तर मधल्या रेषेवर +५० व्होल्ट असतात. आत शिरणाऱ्या धन आयनाला ती ५० व्होल्टची चढण चढावी लागते. निऑन-२० ची ऊर्जा इथे सुमारे १०३६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. त्यातले ५० गेले की वेग जवळजवळ अडीच टक्क्यांनी घटतो आणि बरोबर वेगाने आलेला आयन आत शिरताच चुकीच्या वेगाचा होतो. म्हणून एका पट्टीला +५० आणि दुसरीला −५० द्या. विभवांतर तेवढाच राहतो, पण मधली रेषा शून्यावर येते.

तिसरी पायरी: फट किती वेग आत घेते ते पाहा

पुस्तकातला वेगनिवडक नेमका एकच वेग सोडतो. खऱ्यात वेगांची एक छोटी श्रेणी सुटते, आणि ती किती रुंद आहे यावर पुढचे सगळे ठरते. समजा एखाद्या आयनाचा वेग δ इतक्या अंशाने जास्त आहे. त्याच्यावर चुंबकीय बल तेवढ्याच अंशाने जास्त आहे आणि १० सेमी जाईपर्यंत तो बाजूला सरकत राहतो. किती सरकतो?

```
y ≈ δ × L² / (2 r1),   r1 = m v / (q B1)
```

r1 म्हणजे विद्युत क्षेत्र बंद असते तर ०.२० टेस्लात आयन ज्या त्रिज्येने वळला असता ती. निऑन-२० साठी ती सुमारे १०.४ सेमी येते. अरुंद झोत फटीच्या मधोमध येत असेल तर त्याला दोन्ही बाजूंना ०.१ मिमी जागा आहे. y च्या जागी ०.१ मिमी घातले की δ सुमारे ०.००२ निघतो. म्हणजे आपला वेगनिवडक ±०.२ टक्के वेग सोडतो.

वेग आणखी नेमका हवा असेल तर फट अरुंद करा किंवा पट्ट्या लांब करा. फट अर्धी केली तर δ अर्धा होतो आणि पोचणारे आयनही कमी होतात. लांबी L² म्हणून येते, तेव्हा ती दुप्पट केल्यास δ साधारण चौथा हिस्सा उरतो. हे सूत्र जवळपासचे आहे, पट्ट्या r1 च्या मानाने फार लांब झाल्यावर ते लागू पडत नाही. लांब पट्ट्या स्वस्तात पडतील असे वाटते, पण तेवढ्या लांबीवर ०.२० टेस्ला एकसारखे देणारा चुंबक स्वस्त नसतो.

बाहेर न पडलेले आयन फटीच्या कडांवर आणि पट्ट्यांवर आदळतात. ते मोजायला पट्टीच्या वाटेत संवेदनशील विद्युतप्रवाहमापी लावून ठेवा. शेवटी पट्टा दिसला नाही, तर झोत मुळात आलाच नाही की आला आणि आपटला, हे त्यावरून कळते.

चौथी पायरी: त्रिज्या

फटीतून बाहेर पडलेला आयन दुसऱ्या दालनात शिरतो. इथे विद्युत क्षेत्र नाही, फक्त चुंबकीय क्षेत्र आहे. ते आपण ०.४० टेस्ला ठेवू, दिशा पुन्हा कागदाच्या आत. आयन वर वळतो, अर्धे वर्तुळ काढतो आणि फटीच्याच रेषेत वर बसवलेल्या शोधकावर येऊन धडकतो.

```
r = m v / (q B2)
Ne-20: r = 3.320e-26 × 1.0e5 / (1.602e-19 × 0.40) = 0.0518 m
Ne-22: r = 3.652e-26 × 1.0e5 / (1.602e-19 × 0.40) = 0.0570 m
```

इथला B2 वेगनिवडकाच्या B1 पेक्षा वेगळा आहे. बऱ्याच उदाहरणांत दोन्ही सारखे दिलेले असतात आणि त्यामुळे दोघांना एकच समजायची सवय लागते. वहीत कायम १ आणि २ लिहा.

फटीपासून पट्ट्यापर्यंतचे अंतर म्हणजे व्यास. निऑन-२० चा पट्टा १०३.६ मिमीवर, निऑन-२२ चा ११४.० मिमीवर, मधले अंतर १०.४ मिमी. प्रत्येक एकक वस्तुमानामागे पट्टा ५.१८ मिमी पुढे सरकतो, म्हणून निऑन-२१ चा पुसट पट्टा १०८.८ मिमीवर शोधावा. एकदा हा ५.१८ चा आकडा मिळाला की उरलेले तोंडी होते. शोधकावर मोजलेले अंतर चुकून त्रिज्या म्हणून घातले, तर वस्तुमान दुप्पट येते. निऑनऐवजी चाळीसच्या आसपास उत्तर आले तर आधी हे तपासा.

वेगातला ±०.२ टक्के फरक इथे सरळ व्यासात उतरतो, कारण r वेगाच्या प्रमाणात आहे. १०३.६ मिमीवर तो दोन्ही बाजूंना ०.२ मिमी, म्हणजे पट्टा सुमारे ०.४ मिमी रुंद होईल. वरून फटीची रुंदीही त्यात मिळते. १०.४ मिमी अंतरापुढे हे काहीच नाही.

आणि दिशा थोडी तिरकी असली तर? अर्ध्या वर्तुळाची गंमत इथे आहे. १ अंश तिरका निघालेला आयन शोधकावर फक्त सुमारे ०.०१६ मिमी अलीकडे पडतो, कारण चूक कोनाच्या वर्गाने येते. पाव वर्तुळावर शोधक बसवला तर ही सवलत मिळत नाही.

खरा प्रश्न: एकाच वेगाचे २० आणि २२ येतात कुठून?

वरचे सगळे गणित एका गोष्टीवर उभे आहे. दोन्ही समस्थानिक १.० × १०⁵ मीटर प्रति सेकंद या वेगानेच येतात, असे आपण धरले. आयन १०३६ व्होल्टमधून पळवले तर निऑन-२० ला नेमका हा वेग मिळतो. पण निऑन-२२ जड आहे. तेवढ्याच व्होल्टेजमध्ये त्याला ऊर्जा तेवढीच मिळते, वेग मात्र जवळजवळ ४.७ टक्के कमी. वेगनिवडक ०.२ टक्के सोडतो. म्हणजे निऑन-२२ फटीजवळ येईपर्यंत दोन मिलिमीटरहून जास्त बाजूला गेलेला असतो आणि शोधकावर फक्त एक पट्टा उमटतो. नमुन्यात २२ आहे, उपकरण बरोबर आहे, आणि तरी तो दिसत नाही.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ बेनब्रिज यांनी १९३० च्या दशकात वेगनिवडक लावून मास स्पेक्ट्रोमीटर चालवला, तेव्हा आयन विसर्जन नळीतून, म्हणजे कमी दाबाच्या वायूतून वीज सोडणाऱ्या नळीतून येत. त्या नळीत आयन वेगवेगळ्या जागी तयार होतात, म्हणून त्यांची ऊर्जा पसरट असते. अशा गर्दीत १०३६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा निऑन-२० ही असतो आणि ११४० चा निऑन-२२ ही. दोघांचा वेग एकच, दोघेही सुटतात. वेगनिवडकाची गरजच मुळात या पसरट ऊर्जेमुळे पडली होती.

तुमच्या हाती गरम तारेचा आधुनिक आयन-स्रोत असेल, तर त्याची ऊर्जा नेमकी असते. मग प्रवेगक व्होल्टेज हळूहळू वाढवत न्या. १०३६ व्होल्टला १०३.६ मिमीवर पट्टा येईल, १०८८ च्या आसपास निऑन-२१ चा, आणि ११४० ला ११४.० मिमीवर निऑन-२२ चा. परीक्षेच्या गणितात «आयन V विभवांतरातून प्रवेगित झाले» असे वाक्य आले तर थांबा आणि वेगनिवडक दिला आहे का ते पाहा. दिला असेल तर सर्वांचा वेग समान, r वस्तुमानाच्या प्रमाणात. नसेल तर सर्वांची ऊर्जा समान, आणि r वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात:

```
r = (1/B) √(2 m V / q)
```

हा दुसरा प्रकार बघायला लांब जायला नको. वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथे अंटार्क्टिकाच्या बर्फातले ऑक्सिजनचे समस्थानिक मोजतात. या कामाच्या नेहमीच्या यंत्रात वेगनिवडक नसतो, नेमकी ऊर्जा देणारा स्रोत आणि एक चुंबक असतो. बर्फाच्या पाण्यातला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमध्ये उतरवून ४४, ४५ आणि ४६ वस्तुमानाचे झोत तीन वेगळ्या कपांत एकाच वेळी पकडायचे, ही त्याची जुनी पद्धत. ३००० व्होल्ट आणि ०.५० टेस्ला घेऊन करून पाहा: ४४ ची त्रिज्या १०.४६ सेमी, ४६ ची १०.७० सेमी. वस्तुमानात साडेचार टक्के फरक, त्रिज्येत सव्वादोन. वर्गमुळाने अंतर निम्मे केले.

पट्टा हलला तर दोष कुठला?

समजा निऑन-२० चा पट्टा १०३.६ ऐवजी १०२.६ मिमीवर आला. १ टक्का कमी. पट्टीचे व्होल्टेज घसरले असेल, B1 वाढला असेल किंवा B2 वाढला असेल. तिन्हींत सगळे पट्टे सारख्याच प्रमाणात सरकतात, तेव्हा नुसते शोधकाकडे बघून काही कळणार नाही. प्रवेगक व्होल्टेज फिरवून झोत सर्वांत जोरकस कधी होतो ते पाहा. तो १०३६ लाच होत असेल तर वेगनिवडक ठीक आहे, दोष B2 मध्ये. तो १०१५ च्या आसपास गेला असेल तर निवडलेला वेगच १ टक्क्याने उतरला आहे, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने जाते.

दोन्ही जागी चुंबकाच्या कडेचे क्षेत्र त्रास देते. विद्युत क्षेत्र पट्टी संपली की लवकर विरते, चुंबकीय क्षेत्र मात्र पुढे सांडते. त्या तेवढ्या जागेत आयनावर एकच बल असते आणि तो आत शिरण्याआधीच वळतो. चुंबकाच्या कडांवर मऊ लोखंडाची पट्टी लावून हे सांडणे आवरतात. तपासायला E आणि B1 दोन्ही दुप्पट करा. निवडलेला वेग तोच राहायला हवा. तरीही झोत फटीवरून सरकला, तर कडेचे क्षेत्र दोषी आहे.

निर्वातही नीट हवा. आयनाला वेगनिवडकात १० सेमी आणि अर्ध्या वर्तुळात सुमारे १६ ते १८ सेमी जायचे आहे. १०⁻³ मिलिबारला हवेचा रेणू सरासरी सहा-सात सेमीवर दुसऱ्याला धडकतो, म्हणून वाटेतच बरेच आयन हरवतात आणि पट्ट्याला धूसर शेपूट येते. १०⁻⁵ ला हेच अंतर सहा-सात मीटर होते. त्याहून वाईट निर्वातात मोजू नका.

आपल्याकडचा पावसाळा इथे दोन वाटांनी शिरतो. जूनमध्ये दालन उघडले की भिंतींना पाण्याची वाफ चिकटते. मग पंप तासन्तास चालूनही दाब उतरत नाही आणि ९३.३ मिमीजवळ १८ चा पट्टा, शेजारी ८८ मिमीजवळ १७ चा पट्टा दिसतो. ही पाण्याची खूण आहे. दालन उघडताना कोरडा नायट्रोजन भरावा आणि बंद केल्यावर ते १०० अंशांच्या वर काही तास तापवावे. दुसरी वाट बाहेरून. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेने चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा पातळ थर बसतो, दमट दिवशी तो वीज वाहतो आणि हजार व्होल्टचा पुरवठा थोडा थोडा गळतो. स्पिरिटने पुसून कोरडे केले की सुधारते. पुसण्याआधी वीज तोडा आणि संधारित्रातला प्रभार जमिनीला द्या, पुरवठा बंद केल्यावरही तो राहतो.

२० वर दिसते ते निऑनच आहे का?

वेगनिवडकाने वेग ठरवला, त्रिज्येने m/q ठरवले. m एकट्याने कधीच ठरत नाही. आर्गॉन-४० ने दोन इलेक्ट्रॉन गमावले तर ४० भागिले २, म्हणजे २०. तो आपल्या यंत्रात १०३.६ मिमीवरच पडेल. दोनदा आयनित झालेला कार्बन डायऑक्साइड तसाच २२ च्या जागी येतो. हवेचा नमुना घेतला तर हे हमखास होते, कारण हवेत आर्गॉन ०.९३ टक्के आणि निऑन दशलक्षात फक्त १८ भाग.

अगदी बारकाईने दोघांची जागा वेगळी आहे: निऑन १९.९९२, दुप्पट प्रभाराचा आर्गॉन १९.९८१. व्यासात हा फरक ०.०६ मिमी होतो, आपला पट्टा त्याच्या सहासात पट रुंद आहे. फट अरुंद करून इथवर पोचता येत नाही, त्याआधीच झोत संपतो.

ऊर्जेने मात्र ते वेगळे करता येतात. निऑनचा एक इलेक्ट्रॉन काढायला २१.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, आर्गॉनचे दोन काढायला सुमारे ४३.४, कार्बन डायऑक्साइडचे दोन काढायला सुमारे ३७. आयन-स्रोतातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा नेहमी ७० ला ठेवलेली असते. ती ३५ ला उतरवा. झोत एकूण मंद होईल, ते अपेक्षितच आहे, पण १०३.६ वर जे उरेल ते निऑन, आणि ११४.० वरच्या पट्ट्याशी त्याचे गुणोत्तर दहास एकच्या जवळ यायला हवे. ७० ला ते गुणोत्तर भलतेच होते आणि ३५ ला जागेवर आले, तर तोवर आर्गॉन किंवा कार्बन डायऑक्साइडही त्यात मोजला जात होता.